कलाशेजारी बेस, बेसशेजारी प्लस-मायनस: बाजार-पाहणीच्या अहवालाचा सारांश कसा लिहावा

समजा, घाण्याचं तेल विकणाऱ्या एका कंपनीने पुणे, नागपूर, नाशिक आणि कोल्हापूर या चार शहरांतल्या १,२०० घरांत पाहणी करून घेतली. गेल्या वर्षीही तेवढ्याच, पण वेगळ्या घरांत हेच प्रश्न विचारले होते. अहवाल ८४ पानांचा आला आहे. वरिष्ठांना तो दोन पानांत हवा आहे आणि ते काम तुमच्याकडे आलं आहे. पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत चार ओळी आहेत:

घाण्याचं तेल घेणारी घरं १७ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर.
कोल्हापुरात सर्वाधिक वाढ, २४ वरून ३१ टक्के.
घाण्याचं तेल घेण्यामागचं पहिलं कारण आरोग्य.
ऑनलाइन घेणाऱ्यांपैकी ४१ टक्क्यांनी दरमहा घरपोच डबा लावला.

हे आकडे मी समजावण्यासाठी बेतले आहेत, पण या घाटाच्या चार ओळी कुठल्याही ग्राहक-पाहणीच्या पहिल्या स्लाइडवर सापडतील. घाईत सारांश करणारा माणूस त्या तशाच उचलतो. चारही ओळी दिसायला सारख्याच वजनाच्या आहेत. प्रत्यक्षात पहिली उभी राहते, दुसरी कोसळते, तिसरी अर्धी उभी राहते आणि चौथी अवघ्या १५ घरांवर तोललेली आहे. हे स्लाइड पाहून कळत नाही. कळतं ते त्या प्रश्नाचा बेस, म्हणजे त्याला उत्तर देणाऱ्या घरांची संख्या, आणि त्रुटीची मर्यादा, म्हणजे आमच्या बोलण्यातलं प्लस-मायनस, शेजारी मांडल्यावर.

आधी टेबलं मागा

स्लाइडवरून सारांश करायला बसू नका. पाहणी करणाऱ्या संस्थेकडे तीन गोष्टी मागा: डेटा टेबलं (एक्सेलमधली क्रॉस-टॅब), शब्दशः प्रश्नावली आणि पाहणीची पद्धत सांगणारं पान. टेबलं ही वेगळी फाइल असते आणि मागितल्याशिवाय ती बहुधा येत नाही. गेल्या वर्षीची टेबलंही लागतील, कारण 'वाढ' म्हणजे दोन आकडे, आणि दोन्ही आकड्यांना आपापली मर्यादा असते.

मग एका कोऱ्या शीटवर प्रत्येक कलासाठी एक ओळ करा. रकाने एवढेच: कल काय, प्रश्न क्रमांक, यंदाचा टक्का, यंदाचा बेस, गेल्या वर्षीचा टक्का, गेल्या वर्षीचा बेस, पाहणीचा महिना. प्लस-मायनसचे रकाने नंतर भरायचे. सारांशात एकही वाक्य लिहिण्याआधी हा तक्ता पूर्ण करायचा. मी सुरुवातीची काही वर्षं उलटं करत असे. आधी छान वाक्यं लिहायची आणि मग त्यांना कंस चिकटवायचे. त्यात एक खोट आहे. वाक्य एकदा आवडलं की कंसातला आकडा कितीही वाईट निघाला तरी ते खोडवत नाही.

बेस त्या प्रश्नाचा, मुखपृष्ठाचा नाही

मुखपृष्ठावर '१,२०० घरं, त्रुटीची मर्यादा ±२.८' असं छापलेलं असतं आणि सारांश करणारे तेच एक वाक्य तळटीपेत टाकून मोकळे होतात. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. ती मर्यादा फक्त ज्या प्रश्नांना सर्व १,२०० घरांनी उत्तर दिलं त्यांच्यासाठी आहे.

आपल्या चार ओळी पाहा. पहिलीचा बेस १,२०० आहे. दुसरीचा फक्त कोल्हापूरची २०० घरं (पुण्यात ४५०, नागपुरात ३०० आणि नाशकात २५० घेतली होती). तिसरा प्रश्न फक्त घाण्याचं तेल घेणाऱ्यांना विचारला होता, म्हणून बेस २६४, म्हणजे १,२०० चे २२ टक्के. चौथा त्या २६४ पैकी जे ऑनलाइन घेतात त्यांनाच, आणि ती घरं ३७. एकाच अहवालात बेस १,२०० पासून ३७ पर्यंत उतरला, आणि मुखपृष्ठावरचं ±२.८ मात्र चौघांवरही छत्रीसारखं धरलेलं.

टेबलाच्या माथ्यावर 'बेस: सर्व' किंवा 'बेस: गेल्या तीन महिन्यांत घाण्याचं तेल घेतलेली घरं' असं लिहिलेलं असतं. ते अक्षरशः उतरवून घ्या. नुसतं 'ग्राहक' असं लिहिलंत तर वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ लावतो.

टेबलात बहुधा दोन बेस दिसतात, एक वेटेड आणि एक अनवेटेड. पुण्यात घरं जास्त, कोल्हापुरात कमी. पण पाहणीत कोल्हापूरची घरं त्याच प्रमाणात घेतली तर हाती फारच थोडी लागतील, म्हणून मुद्दाम २०० घेतली जातात आणि एकूण आकडा काढताना त्यांचं वजन कमी केलं जातं. त्यामुळे वेटेड बेसमध्ये कोल्हापूर १०० च्याही खाली दिसू शकतं, आणि पुणे प्रत्यक्षापेक्षा फुगलेलं. टक्का वेटेड रकान्यातला घ्यायचा, पण बेस अनवेटेड, म्हणजे खरोखर ज्यांच्या दारात माणूस जाऊन आला तेवढी घरं. फुगलेल्या बेसवर मर्यादा काढली तर ती खोटी लहान येते.

प्लस-मायनस काढणं

सूत्र एकच आहे आणि ते एक्सेलमध्ये एका ओळीत बसतं. B2 मध्ये टक्का (२२% असा) आणि C2 मध्ये बेस असेल तर:

```
=1.96*SQRT(B2*(1-B2)/C2)*100
```

१.९६ हा आकडा ९५ टक्के विश्वासपातळीचा. काही अहवाल ९० टक्क्यांची पातळी धरतात, तिथे १.६४५ येतो आणि मर्यादा आपोआप लहान दिसते. दोन वेगवेगळ्या संस्थांचे अहवाल एकाच सारांशात आणणार असाल तर हे आधी तपासा, नाहीतर जी संस्था सैल पातळी वापरते तीच जास्त नेमकी वाटेल.

संगणक जवळ नसेल तर १०० ला बेसच्या वर्गमुळाने भागा. बेस ४०० असेल तर वर्गमूळ २०, म्हणून मर्यादा ५ च्या आसपास. बेस १०० असेल तर १०. हा आकडा किंचित जास्तच येतो, आणि टक्का ५० पासून दूर असेल तर आणखी जास्त, पण मीटिंगमध्ये कुणी एखादा कल फेकला तर मनातल्या मनात तोलायला पुरतो. यातून आणखी एक गोष्ट दिसते. मर्यादा निम्मी करायची तर घरं चौपट लागतात, त्यामुळे 'पुढच्या वेळी शंभर घरं वाढवू' याने फारसं काही हलत नाही.

आपल्या पहिल्या ओळीसाठी यंदाचे २२ टक्के ±२.३ आले आणि गेल्या वर्षीचे १७ टक्के ±२.१. मुखपृष्ठावर २.८ का? कारण तिथे ५० टक्के धरून सर्वांत मोठी मर्यादा छापतात. म्हणजे संस्थेने जास्तच सांगितलं का? तसंही नाही.

हे सूत्र चिठ्ठ्या टाकून घरं निवडली असं मानतं. प्रत्यक्षात पाहणी करणारा एका वस्तीत जातो, ठरवून दिलेल्या ठिकाणापासून उजव्या हाताच्या नियमाने चालतो आणि तिथेच दहा घरं करून येतो. एका सोसायटीतली दहा घरं एकमेकांसारखी असतात. शेजारणीने घाण्याचं तेल सुरू केलं की अख्खा मजला सुरू करतो. म्हणून दहा घरांतून दहा वेगळ्या घरांइतकी माहिती मिळत नाही. याला डिझाइन इफेक्ट म्हणतात, आणि वजनं लावल्यानेही तो वाढतो. पद्धतीच्या पानावर तो १.५ दिला असेल तर प्रत्येक मर्यादेला १.५ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.२२ ने गुणायचं. पहिली ओळ मग २२ टक्के ±३ अशी होते. विखुरलेल्या उपगटांना (जसे ऑनलाइन घेणारे) हा इफेक्ट कमी लागू होतो, कारण एका वस्तीत त्यांची एक-दोनच घरं असतात; पण वेगळा आकडा दिलेला नसेल तर मी सगळ्यांना सारखाच लावतो. थोडं जास्त सावध राहिल्याने माझ्या सारांशाचं आजवर काही बिघडलेलं नाही.

अहवालात डिझाइन इफेक्ट नसेलच तर संस्थेला ईमेल करून विचारा. उत्तर आलं नाही तर साध्या सूत्राची मर्यादा लिहा आणि पद्धतीच्या ओळीत 'वस्तीवार निवडीचा परिणाम धरलेला नाही, प्रत्यक्ष मर्यादा याहून मोठी' असं स्पष्ट टाका.

वाढीला स्वतःची मर्यादा असते

चांगले अनुभवी लोकही इथे चुकतात. यंदा २२ ±३ आणि गेल्या वर्षी १७ ±३ असेल, तर ५ पॉइंटच्या वाढीची मर्यादा ३ नाही. दोन्ही आकडे हलू शकतात, म्हणून फरक एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त हलतो. दोन्ही मर्यादांचे वर्ग करून बेरीज करायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. D2 मध्ये यंदाची आणि E2 मध्ये गेल्या वर्षीची मर्यादा असेल तर:

```
=SQRT(D2^2+E2^2)
```

पहिल्या ओळीत हे डिझाइन इफेक्टसकट ३.९ येतं. वाढ ५, मर्यादा ४. वाढ मर्यादेबाहेर आहे, म्हणून 'वाढलं' असं लिहायला हरकत नाही. पण खरी वाढ १ पॉइंटपासून ९ पॉइंटपर्यंत कुठेही असू शकते, हेही त्यातच आलं. उत्पादन तिपटीने वाढवण्याचा बेत या एका आकड्यावर कुणी आखत असेल तर त्याला ही दोन टोकं दाखवा.

आता कोल्हापूर. यंदा ३१ टक्के, बेस २००, मर्यादा ±८. गेल्या वर्षी २४ टक्के, बेस २००, मर्यादा ±७. वाढ ७ पॉइंट आणि वाढीची मर्यादा जवळजवळ ११. म्हणजे कोल्हापुरातला खरा बदल ४ पॉइंटच्या घसरणीपासून १८ पॉइंटच्या वाढीपर्यंत काहीही असू शकतो. 'सर्वाधिक वाढ' तर फारच लांब राहिली. कोल्हापूरचे ७ आणि चारही शहरांचे मिळून ५ यांत अंतर फक्त २ पॉइंटचं, आणि त्यातल्या ७ च्याच मागे ११ ची मर्यादा उभी आहे.

माझ्या एका जुन्या सारांशात अगदी असंच एक शहर 'आघाडीवर' गेलं होतं. विक्री विभागाने दिवाळीचा माल तिकडे वळवला आणि जानेवारीत त्यातले कितीतरी डबे गोदामात तसेच होते. आकडा चुकीचा नव्हता, टेबलातून बरोबर उतरवला होता. त्याच्या शेजारी जे असायला हवं होतं ते मी गाळलं होतं.

मग कोल्हापूरबद्दल काय लिहायचं? 'कोल्हापुरात वाढ झाली नाही' हेही चूकच. वाढ झाली असेलही. २०० घरांची पाहणी ती पकडू शकत नाही एवढंच. मी असं लिहितो: 'कोल्हापूर: ३१% (बेस २००, ±८). गेल्या वर्षी २४% (बेस २००, ±७). वाढ झाली की नाही, हे एवढ्या घरांवरून ठरवता येत नाही.' आणि वरिष्ठांना कोल्हापुरात खरोखर रस असेल तर त्यापुढे एक उपयोगी ओळ: ७ पॉइंटचा बदल ओळखायचा असेल तर दरवर्षी तिथे किमान सुमारे ४७० घरं करावी लागतील. हे २०० ला ११ भागिले ७ च्या वर्गाने गुणून येतं (दशांश सोडले नाहीत तर १०.७). असा आकडा दिला की 'तुमची पाहणी कुचकामी' हा वाद न होता पुढच्या वर्षीच्या खर्चाची चर्चा सुरू होते.

'टक्के' आणि 'पॉइंट' यांची सरमिसळही इथेच टाळायची. १७ वरून २२ म्हणजे ५ पॉइंट, पण १७ च्या मानाने ती २९ टक्के वाढ. जाहिरातवाल्यांना २९ आवडतो. सारांशात पॉइंटच ठेवा, कारण मर्यादाही पॉइंटमध्येच आहे आणि दोन्ही एकाच मापात असतील तरच नजरेने तोलता येतात.

क्रमवारी आणि 'पहिलं कारण'

तिसरी ओळ दोन वर्षांची तुलना करत नाही, म्हणून ती सुरक्षित वाटते. टेबलात पाहिलं तर मुख्य कारण विचारल्यावर ३४ टक्क्यांनी आरोग्य सांगितलं आणि २९ टक्क्यांनी चव. बेस २६४.

एकाच प्रश्नाच्या दोन उत्तरांतलं अंतर तोलताना वरचं सूत्र चालत नाही. ज्याने आरोग्य निवडलं त्याने चव निवडली नाही, त्यामुळे एक वर गेलं की दुसरं खाली जातं आणि अंतर आणखी ओढलं जातं. त्यासाठी B2 आणि B3 मध्ये दोन उत्तरांचे टक्के ठेवून:

```
=1.96*SQRT((B2+B3-(B2-B3)^2)/C2)*100
```

उत्तर ९.६ येतं आणि डिझाइन इफेक्ट लावल्यावर जवळपास १२. अंतर ५, मर्यादा १२. आरोग्य पहिलं आणि चव दुसरी, असा क्रम लावता येत नाही. पण ओळ पूर्ण टाकून द्यायचीही गरज नाही. आरोग्य आणि चव ही दोन कारणं मिळून ६३ टक्के घरं सांगतात आणि बाकी सगळी कारणं त्यांच्या खूप खाली आहेत, हे टेबलात दिसत असेल तर तेच लिहा. 'आरोग्य (३४%) आणि चव (२९%) ही दोन मुख्य कारणं. त्यांच्यातला क्रम ठरत नाही (बेस २६४, प्रत्येकी ±७).' डब्यावर कुठला शब्द मोठा छापायचा हे ठरवणाऱ्याला 'क्रम ठरत नाही' हीच बातमी आहे.

अनेक उत्तरं निवडायची मुभा असलेल्या प्रश्नाला हे सूत्र लागू होत नाही. तिथे एकच माणूस आरोग्य आणि चव दोन्हींवर खूण करतो, आणि किती जणांनी दोन्ही निवडलं हे कळल्याशिवाय अंतराची मर्यादा निघत नाही. म्हणून प्रश्नावली हाताशी हवी.

छोटा बेस: टक्के सोडा, माणसं मोजा

चौथी ओळ: ऑनलाइन घेणाऱ्या ३७ घरांपैकी ४१ टक्क्यांनी दरमहा डबा लावला. साध्या सूत्रानेच मर्यादा ±१६ येते, आणि इतक्या लहान बेसवर ते सूत्रही फारसं भरवशाचं नसतं. इथे टक्का हा शब्दच दिशाभूल करतो. '३७ पैकी १५ घरांनी' असं लिहिलं की वाचणाऱ्याला वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

या धंद्यात साधारण असा प्रघात आहे की ३० पेक्षा कमी बेस असेल तर टक्का छापायचाच नाही, आणि पन्नास-पाऊणशेपर्यंत तारांकन करून 'बेस लहान' लिहायचं. आकडे संस्थेगणिक थोडे बदलतात. मी सारांशासाठी ५० च्या खाली नेहमी 'इतक्यांपैकी इतके' असं लिहितो आणि अशी ओळ मुख्य कलांत न घेता 'पुढे पाहण्यासारखं' या मथळ्याखाली ठेवतो.

टेबलात कधी सरळ शून्य दिसतं. तिथे सूत्रात शून्य घातलं तर मर्यादाही शून्य येते, जणू शंभर टक्के खात्री! अशा वेळी ३ ला बेसने भागायचं. ३०० घरांत एकही सापडलं नाही, तर खरा आकडा १ टक्क्यापर्यंत असू शकतो. नागपूरकरांना यावरून एक जुना वाद आठवेल. इंडियन रीडरशिप सर्व्हे २०१३ चे निकाल आल्यावर देशातल्या मोठ्या वृत्तपत्रसमूहांनी संयुक्त निवेदन काढून त्यावर टीका केली होती. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी की नागपुरात खपणाऱ्या 'हितवाद' या इंग्रजी दैनिकाला या पाहणीत एकही वाचक नाही. वादाच्या इतर बाजू सोडून देऊ. सारांश करणाऱ्यासाठी त्यातला प्रश्न असा: देशभरचा नमुना कितीही मोठा असला तरी एका शहरातले इंग्रजी वाचणारे असा उपगट काढल्यावर खाली बेस किती उरतो? शून्य दिसलं की आधी तो आकडा शोधायचा.

सरासरी असेल तेव्हा

'महिन्याचा सरासरी खर्च ₹१,१४०' अशा ओळीला टक्क्यांचं सूत्र चालत नाही. तिथे प्रमाण विचलन, म्हणजे घराघराचे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत याचं माप, लागतं, आणि ते स्लाइडवर कधीच नसतं, टेबलाच्या तळाशी असतं. २६४ घरांत ते ₹५२० असेल तर १.९६ गुणिले ५२० भागिले २६४ चं वर्गमूळ, म्हणजे ±₹६३, आणि त्यावर नेहमीचा १.२२ चा गुणक लावून ±₹७७. सरकारी पाहण्यांत, म्हणजे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अहवालांत, आणि बार्कच्या टीव्ही-प्रेक्षकांच्या आकड्यांतही हीच गोष्ट सापेक्ष त्रुटीच्या रूपात टक्क्यांनी देतात. सापेक्ष प्रमाण त्रुटी दिली असेल तर आकड्याच्या तेवढ्या टक्क्यांना १.९६ ने गुणलं की आपलं प्लस-मायनस मिळतं: ₹४,००० आणि सापेक्ष प्रमाण त्रुटी १ टक्का, म्हणजे ±₹७८. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या अशा आकड्यात डिझाइन इफेक्ट आधीच धरलेला असतो, पुन्हा लावू नका.

प्लस-मायनसमध्ये जे मावत नाही

वरची सगळी आकडेमोड फक्त एका चुकीची आहे: सगळ्यांना न विचारता काहींनाच विचारल्यामुळे येणारी. बाकीच्या चुका तिच्या बाहेर असतात, आणि त्यांतल्या दोन सारांशातही तपासता येतात.

पहिली म्हणजे महिना. पहिली ओळ आपण पास केली: १७ वरून २२, वाढ मर्यादेबाहेर. आता तक्त्यातला शेवटचा रकाना पाहा. गेल्या वर्षी पाहणी ऑगस्टमध्ये झाली आणि यंदा नोव्हेंबरमध्ये, असं निघालं तर? प्रश्न 'गेल्या तीन महिन्यांत घेतलं का' असा आहे, आणि यंदाच्या तीन महिन्यांत दिवाळी येते. फराळाला म्हणून एकदाच दोन लिटर घाण्याचं तेल आणणारी घरंही त्यात मोजली गेली. वाढ खरी आहे, पण ती कल आहे की चकल्या, हे सांगता येत नाही. अशा वेळी महिना कंसात यायलाच हवा. प्रश्नाचे शब्द बदलले असतील (गेल्या वर्षी 'एका महिन्यात', यंदा 'तीन महिन्यांत') तर मी तुलनाच लिहीत नाही, दोन आकडे वेगवेगळ्या ओळींत देतो.

दुसरी म्हणजे निवडीची पद्धत. ऑनलाइन पॅनेलवर स्वतःहून नाव नोंदवलेल्यांकडून उत्तरं घेतली असतील, तर हे सूत्र ज्या गृहीतकावर उभं आहे तेच नसतं. तरीही अशा अहवालांवर ±३ सर्रास छापतात. मी तिथे बेस लिहितो आणि प्लस-मायनसच्या जागी 'ऑनलाइन पॅनेल, त्रुटीची मर्यादा लागू नाही' असं लिहितो. घरोघर जाऊन पण वय आणि वर्गाचे कोटे भरून केलेल्या पाहणीत मर्यादा देतो, मात्र 'सूचक' हा शब्द जोडून. काटेकोर संख्याशास्त्रज्ञाला तेही पटणार नाही, आणि त्याचं म्हणणं चूक नाही.

लिहिलेला सारांश

आपली पाहणी दोन्ही वर्षी नोव्हेंबरमध्येच झाली होती असं धरू. मग दोन पानांतला मुख्य मजकूर असा होतो:

'चार शहरांत गेल्या तीन महिन्यांत घाण्याचं तेल घेतलेली घरं: २२% (बेस १,२००, ±३). गेल्या वर्षी १७% (बेस १,२००, ±३). वाढ ५ पॉइंट (±४), म्हणजे वाढ झाली आहे. किती, ते १ ते ९ पॉइंटच्या दरम्यान. कोल्हापुरात ३१% (बेस २००, ±८), गेल्या वर्षी २४% (बेस २००, ±७); वाढ झाली की नाही हे ठरत नाही, आणि शहरांची क्रमवारी लावता येत नाही. घेणाऱ्या घरांत आरोग्य (३४%) आणि चव (२९%) ही दोन मुख्य कारणं, त्यांच्यातला क्रम ठरत नाही (बेस २६४, प्रत्येकी ±७). पुढे पाहण्यासारखं: ऑनलाइन घेणाऱ्या ३७ पैकी १५ घरांनी दरमहा डबा लावला आहे.'

खाली एकच पद्धतीची ओळ: 'पाहणी दोन्ही वर्षी नोव्हेंबर, घरोघर, वस्तीवार निवड, बेस अनवेटेड, मर्यादा ९५ टक्के पातळीवर, डिझाइन इफेक्ट १.५ धरून.'

यात दशांश नाहीत हे मुद्दाम. ±८ मर्यादा असताना ३१.४ टक्के लिहिणं म्हणजे पोत्यातले तांदूळ वजनकाट्यावर टाकून दाणे मोजल्याचा आव आणणं. आकडेमोड दशांशांत करा, पूर्णांक फक्त शेवटी लिहिताना. मधेच पूर्णांक केले तर ३.९ आणि ४.४ दोन्ही ४ होतात, आणि काठावरचा कल चुकीच्या बाजूला पडतो.

कंस तळटीपेत पाठवू नका, आलेखाच्या खाली बारीक अक्षरातही नाही. तुमचा सारांश पुढे कसा जातो ते आठवा. कुणीतरी एका परिच्छेदाचा फोटो काढून विक्रीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो आणि तळटीप त्या फोटोच्या बाहेर राहते. म्हणून बेस आणि मर्यादा त्याच वाक्यात, टक्क्याला चिकटून, ओळ तुटली तरी सोबत जातील अशा. आलेख द्यायचाच असेल तर स्तंभाच्या नावातच बेस लिहा, 'कोल्हापूर (२००)', आणि स्तंभाच्या टोकावर मर्यादेची उभी रेघ काढा. एक्सेलमध्ये ती एरर बार या नावाने मिळते. तिच्या पर्यायांत 'कस्टम' निवडून आपला प्लस-मायनसचा रकाना द्यावा लागतो. आयती मिळणारी रेघ सगळ्या स्तंभांना सारखीच लावते, आणि मग कोल्हापूर पुण्याइतकंच पक्कं दिसतं.

पाठवण्याआधी एका सहकाऱ्याला फक्त सारांश आणि टेबलं द्या, तुमचा तक्ता देऊ नका. त्याने प्रत्येक कंसातला बेस टेबलात बोट ठेवून शोधून दाखवायचा. जो त्याला पाच मिनिटांत सापडणार नाही, तिथे बहुतेक वेळा तुम्ही वेटेड रकान्यातून उचललेलं असतं.